मोकाशी सरांच्या निरोपाला: हमामात्सूहून आलेलं कार्ड

नमस्कार. मी अनघा, क्वालिटीतली. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मंगळवारी जपानहून कुरिअर आलं आणि एचआरने मला पकडलं. आपल्या चाकणच्या प्लांटमध्ये जपानी वाचू शकणारे दोघेच, मी आणि सातो-सान. आणि सातो-सान मराठीत वाचून दाखवणार नाहीत. हसतायत बघा, म्हणजे एवढं मराठी त्यांना कळतं.

हे ते कार्ड. मागच्यांना दिसावं म्हणून वर धरते. चौकोनी, जाड पुठ्ठ्याचं, कडेला सोनेरी पट्टी. तिकडे कुणी निरोप घेतो तेव्हा सगळे मिळून एकाच पुठ्ठ्यावर लिहितात, त्याला 'योसेगाकी' म्हणतात. मधोमध निरोपमूर्तींचं नाव आणि भोवती प्रत्येक जण आपापल्या बाजूने लिहितो. त्यामुळे वाचताना कार्ड स्टिअरिंगसारखं फिरवावं लागतं. मी आता फिरवत वाचणार आहे, हसू नका.

मधे लिहिलंय 'मोकाशी-सान'. त्याखाली चित्र आहे. मला आधी वाटलं गोगलगाय. मग लक्षात आलं, बाकरवडी आहे. सर २००१ साली तीन महिने हमामात्सूला गेले तेव्हा बॅगेत अर्ध्या बाकरवड्याच होत्या, असं काकू आत्ताच सांगत होत्या.

आणखी एक सांगते. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले ती छापील अक्षरं. हाताने भराभर लिहिलेली जपानी अक्षरं म्हणजे आपल्याकडचं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन. दोन संध्याकाळी गेल्या. कुठे चुकलं असेल तर सातो-सान आहेतच.

पहिला मजकूर तानाका-सान यांचा.

"मोकाशी-सान, आमच्या हिवाळ्यातला कोरडा वारा तुम्हाला आठवत असेल. तुम्ही डोळे सोडून सगळं झाकणारी टोपी घालून सायकलवर यायचात. पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसाने तुम्हाला आत सोडलं नाही. ती टोपी जाताना तुम्ही मला दिलीत. माझा मुलगा लहानपणी ती घालून सगळ्यांना घाबरवायचा."

माकडटोपी एक्स्पोर्ट करणारे मोकाशी सर पहिलेच असावेत.

आता जरा फिरवते. हे ओकादा-सान.

"आमच्या सकाळी नऊच्या मीटिंगला तुम्ही कधीच उशिरा आला नाहीत. तीन वर्षांनी एकदा फोनवर तुमच्या मागे कोंबडा आरवला, तेव्हा मी घड्याळाचा हिशोब केला. पुण्यात साडेपाच वाजले होते. तुम्ही कधी बोलला नाहीत. त्यानंतर मी मीटिंग अकराला घेतली, आणि कारण कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो."

हे वाचल्यावर मी जुन्या मेल काढून बघितल्या. खरंच, एका सोमवारपासून वेळ बदललीय. आमचा सगळ्यांचा समज होता की ते आपल्या व्हीपींनी जमवलं.

पुढचा मजकूर भाषांतरातून गाळावा की काय, असा मी बराच विचार केला. कॅन्टीन सांभाळणाऱ्या इतो-सान यांचा आहे, त्या आता निवृत्त आहेत, तरी मुद्दाम येऊन लिहून गेल्या. काकू, तुम्ही ऐकू नका.

"तुम्ही मांस-मासे खात नाही म्हणून मी तुमच्यासाठी कोबीचे ग्योझा वेगळे करत होते. पण मिसो सूप तुम्हाला फार आवडायचं, रोज दोन वाट्या घ्यायचात. त्यात माशाचा अर्क असतो. मला सांगायचं धाडस झालं नाही. इतकी वर्षं मनात राहिलं. माफ करा."

सर, चेहरा बघण्यासारखा झालाय. काकू, झालं ते झालं.

आता ज्या मजकुराने मला खरं रडवलं तो. मात्सुमोतो-सान, तिकडच्या क्वालिटीचे प्रमुख. सुरुवातच अशी: "मोकाशी-सानकडून मी 'बागूया' शिकलो."

बागूया? हा शब्द त्यांनी काताकाना लिपीत लिहिलाय, म्हणजे परका शब्द. जपानीत 'बागु' म्हणजे सॉफ्टवेअरमधला बग. आणि 'या' दुकानाला लावतात. म्हणजे बगचं दुकान? आयुष्यभर ज्याने डिफेक्ट पकडले त्याला बगवाला म्हणतात की काय? शब्दकोश झाले, माझ्या मॅडमना फोटो पाठवला, त्यांनाही कळेना. बुधवारी कंपनीच्या बसने घरी जात होते, बस नेहमीप्रमाणे नाशिक फाट्याला अडकलेली. मी तोंडातल्या तोंडात बागूया, बागूया करत होते. शेजारी पॅकिंगचे गायकवाडकाका. ते म्हणाले, "काय बघू या?"

मी बसमध्ये मोठ्याने हसले. त्यांच्या बोलण्यात 'घ' नाहीच, बिचारे लिहिणार कसे!

आता पूर्ण वाचते.

"मोकाशी-सानकडून मी 'बघू या' शिकलो. आमच्याकडे कुणी 'विचार करून सांगतो' म्हणालं की समजायचं, नाही म्हणतोय. मी पुण्याला पहिल्यांदा आलो तेव्हा रिजेक्ट झालेल्या गिअरचा एक ट्रे घेऊन तुमच्याकडे गेलो. तुम्ही 'बघू या' म्हणालात. मला वाटलं, झालं, इथेही तेच. मी वाक्य पूर्ण करेपर्यंत तुम्ही सेफ्टी शूज घालून दाराबाहेर होतात. मशीनपाशी उकिडवे बसलात आणि मायक्रोमीटर आधी माझ्या हातात दिलात. तुम्ही मोजा, मग मी मोजतो, म्हणालात. आमच्या नव्या मुलांना मी आता हा शब्द शिकवतो. अर्थ सांगतो: उठा आणि चला."

आपण सगळे पुण्याचे. पुण्यात 'बघू' म्हटलं की काय समजायचं ते मी सांगायला नको. दुकानदार म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, मुलीकडचे म्हणतात. आणि तिकडे हमामात्सूत विशी-बाविशीची मुलं 'बागूया' म्हणत लाइनवर पळतायत. सर, हे तुमच्यामुळे.

माझ्या पहिल्या वर्षी मी एक अख्खी लॉट चुकीच्या गेजने पास केली होती. रात्रीचे आठ वाजले होते, मी रडायच्या बेतात. सर म्हणाले, "बघू या." साडेअकराला आम्ही शेवटचा पीस मोजला. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्या शब्दात काही विशेष आहे, हे मला मात्र मात्सुमोतो-सानचं वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. रोज कानावर पडत होता ना.

शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली आहे. 'ओत्सुकारेसामा देशिता.' काम संपवून निघणाऱ्याला म्हणतात. पुस्तकात याचं भाषांतर 'तुमच्या श्रमांबद्दल धन्यवाद' असं देतात, ते मला सत्कार समारंभासारखं वाटलं. 'त्सुकारे' म्हणजे थकवा, आणि त्याला पुढून-मागून आदर लावलेला. आमची आजी, आजोबा शेतावरून आले की पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, "दमलात हो." मी तेच लिहिलंय.

सर, दमलात हो.

हे कार्ड घ्या. मागे मी मराठी भाषांतर चिकटवलंय, पेन्सिलने, म्हणजे तुम्हाला तपासून दुरुस्त करता येईल. करालच. काकूंसाठी इतो-सानचा मजकूर वेगळ्या कागदावर आहे, तो फाडून टाकता येतो.

आता सर बोलणार आहेत. दोनच मिनिटं, असं मला म्हणालेत. बघू या.