विषय : स्क्रू कॉम्प्रेसरचा वॉरंटी दावा – दुरुस्तीच्या मंजुरीआधी हवी असलेली माहिती

प्रति,
देखभाल व्यवस्थापक

नमस्कार,

तुमचा ३० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर १०८ अंशांवर ट्रिप होतो आणि एअरएंडमधून खरखर येते, ही तक्रार सोमवारी मिळाली. एअरएंड बदलून मिळावा, ही मागणीही वाचली. दावा नोंदवून घेतला आहे, नाकारलेला नाही. पण पुढील माहिती हाती येईपर्यंत दुरुस्तीला मंजुरी देता येणार नाही.

आधी सिरीयल नंबर. अर्जात लिहिलेला नंबर मोटरच्या प्लेटवरचा आहे. आम्हाला कॅबिनेटवरच्या मुख्य प्लेटवरचा आणि एअरएंडच्या स्वतःच्या छोट्या प्लेटवरचा, असे दोन्ही हवेत. वॉरंटी मशीन चालू केल्यापासून १२ महिने किंवा आमच्याकडून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल तिथपर्यंत असते आणि ते मुख्य नंबरवरूनच ठरते. सोबत कमिशनिंग रिपोर्टची प्रतही जोडा.

खरा प्रश्न वापराच्या नोंदींचा आहे. तापमान वाढलं म्हणजे एअरएंडच गेला असं नसतं. तेल कमी असणं, ऑइल फिल्टर तुंबणं, कूलर धुळीने भरणं, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह अडकणं, खोलीतली गरम हवा बाहेर न जाणं, यांपैकी कशानेही मशीन असंच ट्रिप होतं. आवाज आहे म्हणून बेअरिंगचा संशय रास्त आहे. पण बेअरिंग मुळात सदोष होतं की तेलाअभावी गेलं, हे नोंदींशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे लॉगबुकची सुरुवातीपासूनची पानं, एकूण तास व लोडवरचे तास, तेल आणि फिल्टर कधी व किती तासांना बदलले, आणि तेल कोणतं भरलं त्याचं बिल पाठवा. एखादी नोंद राहिली असेल तर तसं स्पष्ट लिहा. मागाहून भरलेली पानं नकोत.

फोटो उजेडात काढा : दोन्ही प्लेट, कंट्रोलरवरचे तास आणि फॉल्ट हिस्टरी, तेलाची पातळी (मशीन बंद करून, दाब उतरल्यावर), कूलरची जाळी, काढलेले जुने फिल्टर असतील तर ते, आणि मशीनभोवतीची जागा लांबून. आवाजाचा व्हिडिओ आधीच असेल तर पाठवा, त्यासाठी मशीन पुन्हा चालू करू नका.

तोवर तापमानाचा सेन्सर बायपास करून मशीन चालवू नका, फॉल्ट हिस्टरी पुसू नका आणि एअरएंड उघडू नका. सील तुटलेल्या एअरएंडवर वॉरंटी लागू होत नाही. तेलही आमचा इंजिनिअर नमुना घेईपर्यंत तसंच राहू द्या.

उत्पादन अडलं असेल याची कल्पना आहे. सगळी माहिती याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवलीत, तर मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवू. दोष निर्मितीतला निघाला तर एअरएंड आणि मजुरी आमच्याकडे. तेल आणि फिल्टरचा खर्च मात्र तुमच्याकडे राहील.

आपला,
वॉरंटी विभाग प्रमुख