विषय: रेसिड्यू विभागातली जागा (वैशाली, पुण्याच्या लॅबमधली)

शुभदाताई,

नमस्कार. मी वैशाली. पुण्याच्या लॅबमध्ये एक्स्ट्रॅक्शनच्या टेबलावर तुमच्या शेजारी असायची ती. 2017 मध्ये सासऱ्यांच्या आजारपणामुळे मी सांगलीला आले, त्यानंतर आपलं बोलणंच झालं नाही. इतक्या वर्षांनी नुसती ख्यालीखुशाली विचारायचं सोंग करत नाही, कामासाठीच लिहितेय.

तासगावच्या एका निर्यातदाराकडे परवा तुमचा विषय निघाला. नाशिकची लॅब आता तुम्ही सांभाळता आणि रेसिड्यू विभागासाठी टेक्निकल मॅनेजर शोधताय, असं ते म्हणाले. ऐकून बरं वाटलं, नवल मात्र नाही वाटलं. 2010 मध्ये सीसीसीमुळे द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा नेहमीच्या मल्टिरेसिड्यू पद्धतीत हे सापडणारच नाही, त्याला वेगळं एक्स्ट्रॅक्शन लागेल, हे आम्हाला तुम्हीच समजावलं होतं. ‘खरड छाटणीनंतर मारलेलं औषध घडात येतंच कसं?’ म्हणून बागायतदार फोनवर भांडायचे आणि तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात. आम्ही बाकीचे त्या फोनपासून लांब पळायचो, हे आता सांगायला हरकत नाही.

माझं म्हणाल तर काम पूर्ण सुटलेलं नाही. 17025 ची 2017 ची आवृत्ती आल्यापासून इथल्या दोन लहान लॅबची कागदपत्रं आणि अंतर्गत ऑडिट मी बघते. बेदाणावाल्यांसाठी सॅम्पलिंगही करते. पद्धतीचं व्हॅलिडेशन, अनसर्टन्टीची गणितं, प्रोफिशियन्सी टेस्टिंग यांत हात बसलेला आहे. एलसी-एमएस/एमएसवर मात्र सांगलीला आल्यापासून रोजचं काम नाही. नवीन सॉफ्टवेअर शिकायला थोडे दिवस लागतील, ते आधीच सांगून ठेवते. मुलगी आता मोठी झाली आहे, त्यामुळे नाशिकला राहायला येण्याची माझी तयारी आहे.

ती जागा अजून रिकामी आहे का? असेल तर माझा अनुभव तिथे चालेल का, हे तुम्ही स्पष्ट सांगा. तुमचं परखड मत मला सवयीचं आहे! अर्ज मी रीतसर एचआरकडेच करेन, शब्द टाका असं म्हणत नाही.

आणि जागा भरली असेल, तरी एक सुचवायचं होतं. तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यातले नमुने तुमच्याकडे येत असतील, तर बागेतलं सॅम्पलिंग आणि नमुने थंड ठेवून पाठवण्याचं काम मी इथून घेऊ शकते. हंगामापुरतं, नमुन्यामागे दर ठरवून. प्लॉट नोंदणीची कागदपत्रं कशी तपासायची ते मला माहीत आहेच.

बायोडेटा सोबत जोडला आहे. दुपारी चारनंतर मी फोनवर निवांत बोलू शकते, नंबर बायोडेटावर आहे. जानेवारीत नमुन्यांची रीघ लागली की तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही, म्हणून त्याआधी दहा मिनिटं मिळाली तर बघा. जमण्यासारखं नसेल तर एका ओळीत तसं कळवलंत तरी चालेल.

तुमची,
वैशाली