गैरमार्ग प्रकरण : कनिष्ठ पर्यवेक्षकांचा अहवाल

दिनांक : 9 एप्रिल 2025, बुधवार
प्रति,
मा. केंद्रप्रमुख, परीक्षा केंद्र क्र. 318

परीक्षा : तृतीय वर्ष वाणिज्य, सत्र 6
विषय : परिव्यय लेखांकन, 75 गुण
वेळ : सकाळी 10.30 ते दुपारी 1.00
दालन : क्र. 12, दुसरा मजला (नोंद 30, हजर 28)
विद्यार्थी : आसन क्रमांक 3160427

महोदय,

वरील दालनात आज मी कनिष्ठ पर्यवेक्षक होते. घडलेला प्रकार खाली नोंदवत आहे. जे मी स्वतः पाहिले आणि जे मला सांगितले गेले, ते वेगळे ठेवले आहे.

10.15 वाजता विद्यार्थ्यांना आत घेतले. बॅगा व मोबाइल बाहेर ठेवण्याची सूचना दोनदा दिली. कॅल्क्युलेटरला परवानगी असल्याने मी प्रत्येकाचा कॅल्क्युलेटर पाहिला, पण सरकते कव्हर काढून पाहिले नाही. ही तपासणी माझ्याकडून राहिली, म्हणून तिची नोंद करते.

11.42 वाजता मी फळ्याजवळ उभी होते. खिडकीकडून दुसऱ्या रांगेतील चौथ्या बाकावर बसलेल्या सदर विद्यार्थ्याने कॅल्क्युलेटरचे कव्हर अर्धे सरकवले, आत पाहिले आणि बंद केले. बटणे दाबली नाहीत. पुढच्या चार मिनिटांत असे आणखी दोनदा झाले. तिसऱ्या वेळी, 11.46 ला, मी बाकाजवळ गेले व कव्हर काढायला सांगितले. त्याने स्वतः काढून दिले. आत चार कागद होते. मी त्यांना हात लावला नाही. ते बाकावरच राहू दिले आणि शिपायामार्फत वरिष्ठ पर्यवेक्षकांना बोलावले. ते 11.50 ला आले.

त्यांच्यासमोर कागद उलगडले. ‘अ’ आणि ‘ब’ या सुमारे 5 × 7 सेंटिमीटरच्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या मायक्रो झेरॉक्स आहेत. त्यांवर प्रमाण परिव्ययाची सूत्रे व एक सोडवलेले उदाहरण आहे. ‘क’ ही निळ्या शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी असून तीवर `(SP − AP) × AQ` आणि `(SQ − AQ) × SP` ही साहित्य विचलनाची दोन सूत्रे आहेत. ‘ड’ हे बसचे तिकीट आहे. त्यावर हाताने काहीही लिहिलेले नाही; इतर तिन्हींसोबत सापडले एवढ्यासाठीच ते जोडले आहे. अ आणि ब वर सहीला जागा नसल्याने चारही कागद एका कडेने कोऱ्या पानावर चिकटवले आणि सह्या त्या पानावर घेतल्या.

खिसे रिकामे करण्यास वरिष्ठ पर्यवेक्षकांनी सांगितले. त्यात हॉल तिकीट, रुमाल व काही सुटे पैसे निघाले. आक्षेपार्ह काही नव्हते.

त्या वेळी विद्यार्थी मुख्य उत्तरपत्रिकेच्या पान 7 वर प्रश्न 3 सोडवत होता. हा प्रश्न साहित्य विचलनावर आहे. पानावर ‘क’ मधील पहिले सूत्र लिहिलेले असून आकडे भरलेले आहेत. गणित अपूर्ण आहे. हे सूत्र पाठ्यपुस्तकातही याच रूपात असते, त्यामुळे ते चिठ्ठीवरूनच उतरवले असे मी म्हणू शकत नाही. त्याला आत पाहताना मी पाहिले. चिठ्ठीवरून लिहिताना पाहिलेले नाही. पान 1 ते 6 वरील उत्तरांशी या कागदांचा संबंध आहे का, हे मी तपासलेले नाही.

शेवटच्या ओळीखाली रेघ मारून, 11.55 ही वेळ व सह्या घालून उत्तरपत्रिका ताब्यात घेतली. 11.58 ला त्याला नवी उत्तरपत्रिका दिली. जादा वेळ दिला नाही. त्याचे हात थरथरत होते, म्हणून पाणी दिले. दोन-तीन मिनिटांनी त्याने लिहायला सुरुवात केली व 1.00 वाजेपर्यंत लिहिले.

परीक्षेनंतर वरिष्ठ पर्यवेक्षकांसमोर त्याने स्वतःच्या अक्षरात जबाब दिला : “चिठ्ठ्या माझ्या आहेत. रात्री उजळणीसाठी केल्या होत्या. कव्हर उघडून बघितलं हे खरं आहे. लिहिलेलं सूत्र मला येत होतं.” जबाब काय लिहावा हे कोणी सांगितले नाही. त्याने वाद घातला नाही, कागद लपवण्याचा किंवा फाडण्याचा प्रयत्न केला नाही.

शेजारच्या बाकावरील 3160428 या विद्यार्थिनीकडे मी चौकशी केलेली नाही. ती पूर्ण वेळ आपले उत्तर लिहीत होती. तिचा क्रमांक केवळ आसनव्यवस्था स्पष्ट व्हावी म्हणून दिला आहे. या प्रकरणात तिला गोवले जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रकरण गैरमार्ग चौकशी समितीकडे जाईल. समितीने पान 7 आणि चिठ्ठी ‘क’ शेजारी ठेवून पाहावे, तसेच वर लिहिलेली 11.42 ते 11.46 ही चार मिनिटे विचारात घ्यावीत. गरज पडल्यास मी समक्ष हजर राहीन.

चिकटवलेले चार कागद, ताब्यात घेतलेली व नवी अशा दोन्ही उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याचा जबाब आणि दालनाचा आसन आराखडा मोहोरबंद लखोट्यात सोबत देत आहे. कॅल्क्युलेटर कव्हरसह वरिष्ठ पर्यवेक्षकांकडे आहे.

आपली विश्वासू,
कनिष्ठ पर्यवेक्षक, दालन क्र. 12
अहवाल सादर : दुपारी 2.10