समोरच्या पेढीवरून दिवाळीचा नमस्कार

गणपती पेठ, सांगली
धनत्रयोदशी

तीर्थस्वरूप अण्णा आणि काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हा उभयतांना, दादा-वहिनींना, मुलांना आणि दुकानातल्या सगळ्या मंडळींना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. नवी वही बरकतीची जावो, पेढीवर लक्ष्मीचा वास राहो आणि अण्णा, तुमची तब्येत ठणठणीत राहो. सकाळी तुमचं दार उघडलेलं दिसलं, तुमचा ‘राम राम’ कानावर आला, की दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.

सोबत दोन किलो झेंडू आणि तयार अनारशाच्या पिठाचा डबा पाठवतोय. झेंडू पिशवीत ठेवू नका, दमटपणानं देठाशी काळा पडतो. परातीत पसरून ठेवलात तर लक्ष्मीपूजनापर्यंत टवटवीत राहील.

पिठाबद्दल हिनं काकूंना निरोप दिलाय. तांदूळ एक किलो, तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदलून; सावलीत जेमतेम सुकवून दळलाय. त्यात पाऊण किलो साधा गूळ आणि दोन चमचे तूप आहे. गोळे करून पाच दिवस मुरवलेत. डब्यात ओला हात नको, बुरशी धरते. घट्ट वाटलं तर दुधाचा हबका मारून मळावं, पण दूध थेंबाथेंबानंच. आधी एकच अनारसा तळून बघावा. तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ किंवा ओल जास्त झाली असं समजून चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मिसळावी. खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून मंद आचेवर तळावा. उलटू नये, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहावं. काढल्यावर चाळणीत उभा ठेवला की तूप निथळतं. काकूंच्या हातचा अनारसा जाळीला कसा येतो ते आम्हाला ठाऊक आहे, तरी हिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही!

वहीपूजनाला कुंकू जरा घट्टच कालवा. पातळ झालं की स्वस्तिक पुढच्या चार पानांवर उमटतं. लाह्या-बत्तासे आमच्याकडे भरपूर आणलेत, तुमच्या वाट्याचे पूजेच्या दिवशी दुपारीच पोचते करतो.

आमची आरती साडेसातला आटोपेल. ती झाली की आम्ही सगळे आधी तुमच्याकडे येतो, मग तुम्ही तीर्थप्रसादाला आमच्याकडे या. फटाके उडवताना दोन्ही दुकानांच्या मधे पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवतोय. तुमच्या माडीवर रिकामी पोती आहेत, तेवढी खिडकी लावून घ्या.

पाडव्याला काकूंनी नातवंडांना ओवाळणीसाठी आमच्याकडेही धाडावं. दिवाळीचा फराळ एकत्रच करू.

आपला नम्र,
समोरच्या दुकानातला धाकटा