विषय: तुमच्या वडिलांबद्दल (उत्तर पाठवू नका, घाई नाही)

प्रिय मृणाल,

तुमचे वडील गेल्याचं काल संध्याकाळी कळलं. फार वाईट वाटलं. गेले तीन महिने ऑफिस आणि हॉस्पिटल अशी तुमची जी ओढाताण चालली होती, ती आम्ही पाहत होतो. तिचा शेवट असा व्हायला नको होता.

त्यांना मी कधी भेटले नाही. पण हिशेबाची वही पेन्सिलने लिहायची आणि महिनाअखेरीला ताळा जुळला की मगच शाईने गिरवायची, ही त्यांची सवय तुम्ही सांगितली होती. तुमच्या शीटमधल्या ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ या दोन रकान्यांचं मूळ तिथे आहे, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे. ते रकाने तसेच राहतील.

आता कामाचं एकदाच सांगते, म्हणजे ते डोक्यात घोळत राहणार नाही.

गुरुवारची पुरवठादारांची पेमेंट्स निखिल करेल आणि दुसरी मंजुरी मी देईन. तुमच्या लॉगिनवरून कुणीही काम करणार नाही. निखिलला त्याच्याच लॉगिनवर तात्पुरते अधिकार दिले आहेत. तुम्ही परतलात की ते त्याच दिवशी काढले जातील. तेव्हा पासवर्ड किंवा ओटीपी कुणी मागितला, अगदी माझं नाव सांगून मागितला, तरी देऊ नका. अशा दिवसांत माणूस पटकन ‘हो’ म्हणून मोकळा होतो, म्हणून आवर्जून लिहिलं.

बँक ताळमेळातल्या न जुळलेल्या तीन नोंदी आम्ही हात न लावता ठेवल्या आहेत. त्यांच्यापुढे तुमची टिपणं अर्धी आहेत, आणि अंदाजाने जुळवलेली नोंद नंतर उसवायला दुप्पट वेळ जातो. त्या ‘प्रलंबित’ दाखवूनच महिना बंद होईल. ऑडिटरना मी तसं कळवलं आहे आणि त्यांची हरकत नाही.

तुमची रजा २० तारखेपर्यंत टाकली आहे. अर्ज आत्ता लागणार नाही, परत आल्यावर दिला तरी चालेल. रजा वाढवायची असेल तर मला एका ओळीचा मेसेज पुरे, तोही घरातल्या कुणी पाठवला तरी हरकत नाही. कारण लिहू नका.

टीमला मी इतकंच सांगितलं आहे की तुमचे वडील गेले आणि तुम्ही रजेवर आहात. आजाराबद्दल काही बोलले नाही. ते सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. पुरवठादारांना फक्त ‘रजेवर आहेत’ एवढंच उत्तर जातं. तुमच्या मेलवरून आपोआप जाणारं उत्तरही तेच आहे, सोबत निखिलचा नंबर.

कामासाठी तुम्हाला कुणी फोन करणार नाही. अगदीच अडलं तर मी एकटी एक मेसेज करेन, आणि तो ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असाच असेल. त्यालाही उत्तर आलं नाही तर आम्ही आमच्या पातळीवर मार्ग काढू. दुसऱ्या कुणी थेट विचारलंच, तर तो मेसेज न वाचता माझ्याकडे ढकला.

काही जणांना घरी येऊन भेटायचं आहे. तुम्ही बोलावल्याशिवाय कुणी येणार नाही, असं मी सांगून ठेवलं आहे. सांत्वनाचे संदेश ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, असंही सांगितलं, कारण तिथे प्रत्येक ‘टिंग’ला तुम्ही फोन उचलणार. सगळ्यांनी लिहिलेलं एका फाइलमध्ये जमा केलं आहे. कधी वाचावंसं वाटलं तर कळवा, नाही वाटलं तरी चालेल.

पुढे बँक, विमा, पेन्शन यांची कामं निघतील. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच जास्त काढून ठेवा. बरीच कार्यालयं एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतात आणि मग दर खेपेला नव्याने रांग. या कामांसाठी अर्धा दिवस लागला तर आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे, मी सांभाळून घेईन.

परत आल्यावर पहिले तीन दिवस तुमच्या नावावर एकही मीटिंग नसेल. लोकांनी टेबलापाशी येऊन विचारपूस केलेली चालेल की नको, तेवढं आदल्या दिवशी मला सांगा. नको असेल तर मी टीमला आधीच सांगेन. मी स्वतः विषय काढणार नाही. तुम्ही काढलात तर ऐकायला आहे.

आईंना माझा नमस्कार सांगा.

अनघा