फोर ऑफ वँड्स: वास्तुशांत आणि साखरपुड्यासाठी

काकू, नव्या घरात शनिवारी वास्तुशांत आणि रविवारी ताईचा साखरपुडा, दोन्ही नीट पार पडेल ना, असं तुम्ही विचारलंत. टॅरोचं कार्ड आलंय फोर ऑफ वँड्स, म्हणजे चार काठ्यांचं, आणि तेही सरळ. घरच्या कार्यासाठी याहून चांगलं कार्ड मला तरी सुचत नाही.

चित्र नीट बघा. पुढे चार काठ्या रोवलेल्या, त्यांच्या टोकांना फुलाफळांची माळ, अगदी दारच्या तोरणासारखी. मागे दोघं जण पुष्पगुच्छ उंचावून उभे आहेत, बाजूला खंदकावरचा पूल आणि जुना वाडा. चौकटीला भिंत नाही, सगळीकडून मोकळी. म्हणून म्हणते, सगळ्यांना बोलवा. ज्या आत्यांशी बोलणं बंद आहे, त्यांना काकांनी स्वतः फोन करावा. कार्य आनंदात होईल. अडलंच तर मानपानावरून अडेल, आणि हा फोन आधी झाला तर तेही टळेल.

वँड्स म्हणजे अग्नितत्त्व. उत्साहाच्या भरात सगळं अंगावर घेऊ नका, स्वयंपाक केटररकडेच राहू द्या. मुहूर्त गुरुजींनी काढलाय तोच ठेवा, त्यासाठी दुसरं कार्ड काढायची गरज नाही.