जून २०२६ ते मे २०२७ : कोल्हापूर ऑफिसचं वर्षाचं नियोजन

हे नियोजन ऑफिसमधल्या चौघांसाठी आणि आपल्याकडे गाड्या लावणाऱ्या सहा मालकांसाठी आहे. आपल्या स्वतःच्या गाड्या दोनच : एक एर्टिगा आणि एक १७ सीटर. बाकी सगळा धंदा मालकांच्या गाड्यांवर चालतो. म्हणून यंदाच्या सगळ्या नियमांमागे एकच धोरण आहे. गिऱ्हाइकाला जो शब्द देऊ, तोच गाडीमालकाला द्यायचा, आणि दोन्हीकडे लेखी द्यायचा.

हंगाम

यंदा १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सण मागच्या वर्षीपेक्षा उशिरा येतात. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवून कुणीही तारखा सांगू नयेत.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अधिक महिन्याची देवदर्शनं : पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. त्याच दिवसांत राधानगरीकडे काजवे बघायला जाणारे असतात, पण पाऊस जमला की ते बुकिंग थांबवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली आणि राऊतवाडीच्या एक दिवसाच्या ट्रिपा चालतील. २५ जुलैच्या आषाढीला पंढरपूरसाठी गाडी मागणारे बरेच असतात, पण त्या दोन दिवसांत गाडी गावाबाहेर लावावी लागते आणि पुढे चालावं लागतं. हे बुकिंग घेतानाच सांगायचं, विशेषतः सोबत म्हातारी माणसं असतील तर.

पावसाळ्यात तारकर्ली विकायची नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, पाण्यातले खेळ बंद असतात. गिऱ्हाईक "चालेल हो" म्हणतं आणि तिथं पोचल्यावर भांडतं.

१४ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हा सगळ्यात कठीण काळ. आधी गणपती, लगेच पितृपक्ष. घरगुती ट्रिपा जवळजवळ थांबतात, ड्रायव्हरही गणपतीला गावी जातात. पण कासचा फुलांचा बहर नेमका याच दिवसांत येतो, आणि फुलं बघायला जाणारा पितृपक्ष मानत नाही. कास पठारावर रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते, म्हणून ऑनलाइन प्रवेश आधी काढायचा आणि मगच गाडी ठरवायची. ज्या गाड्या रिकाम्या राहतील त्यांचं फिटनेस, पीयूसी, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग याच दिवसांत उरकायचं.

नवरात्रात गणित उलटतं. तेव्हा आपली माणसं बाहेर जात नाहीत, बाहेरची कोल्हापूरला येतात. तिरुपतीहून हरिप्रिया एक्स्प्रेसने येणारे तेलुगू भाविक मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यासाठी अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी अशी आठ तास-८० किलोमीटरची स्थानिक ट्रिप ठेवायची. नृसिंहवाडी धरली की ८० किलोमीटर पुरत नाहीत, तेव्हा जादा किलोमीटरचा दर तेलुगूत छापलेल्या कागदावर आधीच द्यायचा. दर्शनरांगेला किती वेळ लागेल याची हमी कुणी देऊ नये.

दिवाळीपासून मे अखेरपर्यंत कोकण आणि गोवा. शाळांच्या सहली सवलतीच्या एसटीने जातात, त्यांच्यामागे धावायचं नाही. त्याऐवजी बँका, पतसंस्था, महिला मंडळं आणि निवृत्त शिक्षकांचे गट. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेमुळे शहरातल्या गाड्या त्या दिशेने अडकतात, त्या दिवशी बाहेरगावची मोठी ट्रिप घ्यायची नाही.

गाड्या

यंदाचे दर : एर्टिगा १४ रुपये, क्रिस्टा २० रुपये, १७ सीटर २६ रुपये किलोमीटर. दिवसाला किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता ५०० रुपये, टोल-पार्किंग वेगळं. तारकर्लीच्या दोन दिवसांत गाडी प्रत्यक्षात ४०० च्या आसपास चालते आणि बिल ६०० चं होतं, यावरून दरवेळी वाद होतो. तारकर्ली, गणपतीपुळे आणि गोवा या तीन ठिकाणांना म्हणून ठोक भाडं सांगायचं, किलोमीटरची भाषा काढायचीच नाही.

गोवा आणि कर्नाटकसाठी ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असलेलीच गाडी जाईल. परमिट, इन्शुरन्स आणि फिटनेसच्या प्रती ऑफिसात नसतील तर गाडी कितीही चांगली असो, सीमेपलीकडे पाठवायची नाही. सीएनजीच्या एर्टिगा कोकणात पाठवताना पंपावरच्या रांगेचा वेळ ट्रिपमध्ये धरावा. रात्रभर चालवून आलेल्या ड्रायव्हरला सकाळी पुन्हा गाडीवर बसवायचं नाही. यावर चर्चा होणार नाही.

कमिशन

मागच्या सीझनला मालकांची तक्रार होती की दहा टक्के सरसकट कापले जातात, आणि दिवाळीत थेट पार्टी जास्त देते. तक्रार रास्त आहे. म्हणून दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात फक्त ८ टक्के, आणि मंदीच्या महिन्यांत १२ टक्के. भर सीझनला गाडी आपल्याकडे राहणं हीच आपली खरी कमाई. कमिशन फक्त भाड्यावर. भत्ता पूर्ण ड्रायव्हरच्या हातात जाईल.

उदाहरण : १७ सीटर, दोन दिवस, भाडं १५,६००. सीझनचं कमिशन १,२४८, मालकाला १४,३५२. त्यातलं डिझेलपुरतं गाडी सुटताना, उरलेलं गाडी परतल्यापासून ४८ तासांत. महिनाअखेरचा हिशोब ही पद्धत बंद.

होम-स्टेकडून १० टक्के घ्यायचे, पण खोली स्वतः पाहिली असेल तरच. चप्पल, गूळ, साज यांच्या दुकानांकडून आणि देवळातल्या पूजेतून एक रुपयाही घ्यायचा नाही. गिऱ्हाइकाला विशिष्ट दुकानासमोर उतरवण्याचा आग्रह करणाऱ्या ड्रायव्हरला पुढची ट्रिप मिळणार नाही.

बुकिंग रद्द झाल्यास

ॲडव्हान्स ३० टक्के, दिवाळी-नाताळच्या आठवड्यांत ५० टक्के. निघण्याच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर ५०० रुपये कापून बाकी परत. १४ ते ७ दिवसांत निम्मा ॲडव्हान्स परत. त्यानंतर ॲडव्हान्स परत नाही. होम-स्टेचे पैसे त्यांच्या नियमानुसार, आणि तो नियम पावतीच्या मागे छापलेला हवा. परताव्याची रक्कम सात दिवसांत खात्यावर.

कापलेल्या रकमेतला ७० टक्के वाटा गाडीमालकाचा. ५,००० राहिले तर ३,५०० त्यांचे, १,५०० ऑफिसचे. त्या तारखेला मालकाने दुसरी पार्टी नाकारलेली असते, नुकसान त्यांचं आधी होतं. मात्र मालकाने आयत्या वेळी गाडी दिली नाही, तर पर्यायी गाडीच्या भाड्यातला फरक त्यांच्या पुढच्या बिलातून वळता होईल. वाटेत गाडी बंद पडली आणि तीन तासांत दुसरी पोचली नाही, तर त्या दिवसाचं भाडं आपण परत करू.

घरात मृत्यू झाला असेल तर एकदा तारीख बदलून द्यायची, कागद मागायचा नाही.

पुराचा नियम वेगळा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद झाली होती. प्रशासनाने रस्ता किंवा घाट बंद केला, किंवा हवामान खात्याचा रेड अलर्ट असला, तर ट्रिप आपणच थांबवायची आणि गाडीचा पूर्ण ॲडव्हान्स परत द्यायचा किंवा सहा महिन्यांत वापरायला ठेवायचा. गिऱ्हाईक "आमच्या जबाबदारीवर न्या" म्हणालं तरी जायचं नाही. अशा वेळी मालकाला काही मिळत नाही, म्हणून ऑफिसने प्रत्येक सीझन ट्रिपमागे १०० रुपये वेगळे ठेवून त्यातून रिकाम्या गाडीमागे दिवसाला १,००० रुपये द्यावेत. रक्कम फार नाही, पण कर्जाचा हप्ता चालू असणाऱ्यांना तेवढाही आधार होतो.

ॲडव्हान्ससाठी वेगळं बँक खातं. ट्रिप सुटेपर्यंत त्यातून डिझेल, भाडं, पगार काहीही जाणार नाही.

मालकांनी दर, कमिशन आणि रद्दचे नियम वाचून २५ मेपर्यंत ऑफिसात सही करावी. दिवाळीच्या तारखा आपण १ सप्टेंबरला उघडू. ज्यांची सही आणि कागदपत्रं पूर्ण असतील त्यांच्या गाड्या आधी भरतील.